रुग्ण बरा झाल्यावर चोवीस तासांच्या मावशींचे काम थांबवताना: हिशेब, बक्षीस आणि निरोप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझ्या सासूबाई, वय ७६, जून महिन्यात बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर १६ जूनला लातूरकडच्या एक मावशी आमच्या पुण्याच्या घरी चोवीस तासांच्या कामाला राहायला आल्या आणि २२ नोव्हेंबरला गेल्या. सासूबाई बऱ्या झाल्या म्हणून काम संपले, कोणतीही तक्रार नव्हती, तरीही शेवटचे पंधरा दिवस आम्हाला अपेक्षेपेक्षा अवघड गेले. त्यानंतर ओळखीच्या घरांतून मला जे प्रश्न वारंवार विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. उदाहरण आमच्याच घराचे घेतले आहे, कारण त्याचा हिशेब माझ्याकडे वहीत लिहिलेला आहे.

काम थांबवण्याची वेळ आली आहे, हे कशावरून ठरवावे?

डॉक्टरांनी तपासणीत “आता छान आहे” म्हटले एवढ्यावरून ठरवू नये. डॉक्टर हाड जुळले का आणि सांधा नीट बसला का ते पाहतात; रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना काय होते ते त्यांना दिसत नाही. आमच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी एक साधी पद्धत सांगितली, ती उपयोगी पडली. मावशी घरात असतानाच त्यांची मदत एकेक करून काढून घ्यायची आणि काय अडते ते पाहायचे. पहिल्या आठवड्यात मावशी अंघोळीच्या वेळी दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि दाराला आतून कडी लावायची नाही, एवढीच अट ठेवली. मग त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपू लागल्या. सासूबाईंनी स्वतः दिवा लावून, काठी घेऊन बाथरूमला जाऊन यावे आणि सकाळी आम्हाला सांगावे, असे ठरले होते.

दुसऱ्या रात्री असे लक्षात आले की दिव्याचे बटण पलंगापासून लांब आहे आणि त्या अंधारातच उठत आहेत. आम्ही उशाशी दिवा बसवला आणि बाथरूममध्ये कमोडशेजारी भिंतीला धरायला दांडी लावून घेतली. मावशी गेल्यानंतर हे लक्षात आले असते, तर ते बहुधा दुसऱ्यांदा पडूनच लक्षात आले असते. लागोपाठ सात रात्री निभावल्यावर आम्ही तारीख ठरवली. गोळ्यांचा डबाही त्या आठवड्यात सासूबाईंनी स्वतःच भरला, आम्ही फक्त संध्याकाळी पाहत होतो.

मावशींना किती दिवस आधी सांगावे, आणि कोणी सांगावे?

किमान पंधरा दिवस आधी सांगावे, आणि तेवढे शक्य नसेल तर तेवढ्या दिवसांचे पैसे द्यावेत. ये-जा करणाऱ्या बाईचे काम सुटले तर तिचा पगार जातो. राहून काम करणाऱ्या बाईचा पगार, जेवण आणि झोपायची जागा असे तिन्ही एकाच दिवशी जाते. शनिवारी संध्याकाळी “उद्यापासून नको” असे ऐकलेली बाई पिशवी घेऊन कोणाकडे जाणार, हा प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारावा.

आम्ही ८ नोव्हेंबरला सकाळी सांगितले, म्हणजे तो दिवस धरून २२ तारखेला पंधरा दिवस पूर्ण होत होते. पगार जो माणूस देतो त्यानेच सांगावे, आणि रुग्णाला ते आधी ठाऊक असावे. येथे आमची चूक झाली. आम्ही मावशींना स्वयंपाकघरात सांगितले आणि सासूबाईंना ते दुपारी मावशींच्या तोंडून कळले. “माझ्या माणसाला तुम्ही मला न विचारता काढलंत,” असे म्हणून त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. पाच महिने जिने आपल्याला उठवले, बसवले, न्हाऊ घातले, तिच्याविषयी रुग्णाला असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते आम्हाला आधी सुचायला हवे होते.

सांगताना कारण स्पष्ट सांगावे. “आई आता बऱ्या झाल्या आहेत, तुमच्या हातून त्या उभ्या राहिल्या, म्हणून २२ तारखेनंतर काम राहणार नाही,” इतके वाक्य पुरते. “बघू, सध्या खर्च जास्त होतोय” अशा आडवळणाच्या बोलण्याने मावशींना वाटते की आपले काहीतरी चुकले, किंवा पगार कमी केला तर काम टिकेल.

मावशी ब्युरोमार्फत आल्या असतील तर ब्युरोला काय सांगावे?

आधी आपला व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. काही ब्युरो सुरुवातीला एकदाच कमिशन घेतात आणि पुढे पगार आपण थेट बाईंना देतो. आमचे असेच होते. अशा ठिकाणी ब्युरोला फक्त शेवटची तारीख लेखी कळवायची असते, म्हणजे ते मावशींसाठी दुसरे घर शोधू लागतात. सांगायचा क्रम मात्र मावशी आधी आणि ब्युरो नंतर असाच ठेवावा.

दुसऱ्या प्रकारात ब्युरो दिवसाच्या दराने आपल्याला बिल लावतो आणि त्यातून स्वतःचा वाटा ठेवून बाईंना पैसे देतो. येथे आपण पूर्ण बिल भरले म्हणजे बाईंना पैसे मिळाले, असे समजू नये. माझ्या भावाच्या घरी आलेल्या ताईंचे शेवटच्या बारा दिवसांचे पैसे त्यांच्या ब्युरोने “पुढच्या ड्युटीवर हजर झालात की देऊ” म्हणून अडवून ठेवले होते. भावाने बिल वेळेवर भरले होते आणि त्याला याचा पत्ताच नव्हता. ताईंनी महिन्याभराने फोन केला तेव्हा कळले. त्याने भरलेल्या बिलाची प्रत आणि हजेरीची नोंद ताईंना पाठवली, ती दाखवल्यावर पैसे सुटले. त्यामुळे शेवटच्या बिलाची प्रत बाईंनाही द्यावी, आणि बक्षीस कधीही ब्युरोमार्फत देऊ नये; ते थेट त्यांच्या हाती जावे.

दिवसाच्या दरात आणखी एक खाचखळगा असतो. चोवीस तासांची ड्युटी बहुतेक ठिकाणी सकाळी आठला किंवा नऊला बदलते, म्हणून आलेला आणि गेलेला असे दोन्ही दिवस पूर्ण धरायचे की नाही यावरून वाद होतो. बाई संध्याकाळी निघत असतील, तर त्यांनी तो दिवस काम केलेले असते. तो पूर्ण धरावा.

शेवटच्या हिशेबात नेमके काय काय येते?

शेवटच्या पगाराच्या तारखेपासूनच्या दिवसांचा पगार, न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे, बाईंनी पदरचे केलेले घरखर्च, गावी जायचे भाडे, आणि याउलट बाजूला त्यांनी घेतलेली उचल. बक्षीस यात येत नाही, त्याचे उत्तर पुढे दिले आहे.

आमच्या मावशींचा पगार महिना २४,००० रुपये होता आणि पगाराचा महिना १६ तारखेपासून पुढच्या १५ तारखेपर्यंत धरला जाई. १५ नोव्हेंबरपर्यंतचा पगार दिलेला होता, म्हणून १६ ते २२ नोव्हेंबर असे सात दिवस राहिले. दिवसाचे ८०० रुपये याप्रमाणे त्याचे ५,६०० रुपये झाले. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या ठरल्या होत्या. पाच महिन्यांच्या दहा झाल्या, त्यांपैकी दिवाळीला गावी गेल्या तेव्हाच्या चार आणि इतर दोन अशा सहा त्यांनी घेतल्या. उरलेल्या चारांचे ३,२०० रुपये झाले. शेवटच्या सात दिवसांसाठी वेगळी सुट्टी आम्ही धरली नाही, आणि मावशींनीही ते मान्य केले. भाजी आणि मेडिकलमधले किरकोळ सामान त्यांनी स्वतःच्या पैशांतून आणले होते, त्याचे ३४० रुपये. आणि लातूरपर्यंतच्या भाड्याचे ६०० रुपये. एकूण ९,७४० रुपये झाले. उचलीपैकी ४,००० रुपये फिटायचे होते, ते वजा जाता ५,७४० रुपये द्यायचे निघाले.

हा हिशेब मी २० तारखेला, म्हणजे दोन दिवस आधी, वहीच्या एका पानावर लिहून मावशींना दिला. त्यांना वाचता येते, पण आकडेमोडीची सवय नाही, म्हणून त्यांनी फोनवर त्यांच्या मुलीला एकेक ओळ वाचून दाखवली. मुलीने एक प्रश्न विचारला: ऑगस्टमधल्या एका रविवारी आई तुमच्याच घरी होती, ती सुट्टी घेतलेली धरली आहे का? मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून पाहिली. त्या रविवारी चौकटीत खाड्याची फुली नव्हती, म्हणजे ती सुट्टी आम्ही धरलेली नव्हती, आणि हिशेब बरोबर होता. पण हे तपासता आले ते फुल्या रोजच्या रोज मारल्या होत्या म्हणून, आणि त्या मावशींनाही दिसत होत्या म्हणून.

दिवसाचा दर काढताना पगाराला ३० ने भागावे की २६ ने?

दोन्ही पद्धती चालू आहेत, आणि वाद बहुधा येथेच होतो. राहून काम करणाऱ्या बाईंचा पगार पूर्ण महिन्याचा, सुट्ट्यांसह ठरलेला असतो, म्हणून ३० ने भागणे सरळ पडते: २४,००० भागिले ३० म्हणजे ८०० रुपये. २६ ने भागले तर ९२३ रुपये येतात, पण मग आठवड्याची सुट्टी वगळून फक्त कामाचे दिवस मोजावे लागतात.

कोणतीही पद्धत घ्यावी, पण देताना आणि कापताना तीच ठेवावी. काही घरे खाड्याचे पैसे कापताना २६ ने भागून ९२३ रुपये कापतात आणि उरलेल्या दिवसांचे पैसे देताना ३० ने भागून ८०० देतात. हे मुद्दाम केले जाते असे मी म्हणणार नाही. पगार एक जण देतो, हिशेब दुसरा करतो आणि पद्धत कोणीच लिहून ठेवलेली नसते. बाईंना मात्र ते लगेच कळते. महिन्याचे दिवस ३१ असले तरी ठरलेला पगार बदलत नाही, त्यामुळे ३१ ने भागण्याचे कारण नाही.

न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे द्यायलाच हवेत का? पगारात त्या आल्याच ना?

पगारात आल्या आहेत म्हणूनच द्यायला हव्यात. महिन्याचे २४,००० रुपये हे अठ्ठावीस दिवस काम आणि दोन दिवस विश्रांती यांचे आहेत. त्या दोन दिवशीही त्यांनी काम केले, तर तेवढे काम ठरल्यापेक्षा जास्त झाले आणि त्याचा एकेक दिवसाचा पगार वेगळा निघतो. “सुट्टी तुम्हीच घेतली नाही” हे उत्तर योग्य नाही. आमच्या मावशींनी सप्टेंबरमध्ये सुट्टी घेतली नाही, कारण बदली बाई मिळत नव्हती आणि सासूबाईंना एकटीने उठायची परवानगी नव्हती. ती सोय आमचीच झाली होती.

उचल माफ करावी की कापावी?

हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे, पण काय केले ते लिहून दाखवावे. मावशींनी ऑगस्टमध्ये मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी १०,००० रुपये उचल घेतली होती, आणि सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरच्या पगारांतून दोन-दोन हजार कापले गेले होते. राहिलेले ४,००० माफ करून तेच बक्षीस म्हणावे, असा विचार आमच्या घरी निघाला होता. मी त्याला नको म्हटले. माफ केलेले पैसे हातात येत नाहीत, बाई गावी जातात तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काही नसते, आणि “पाच महिने राबलीस, काय दिलं?” या प्रश्नाला त्यांना उत्तर देता येत नाही. आम्ही उचल हिशेबात वजा केली आणि बक्षीस वेगळे दिले. माफ करायचीच असेल, तर बक्षिसाशिवाय वेगळी ओळ लिहून करावी.

कायद्याने ग्रॅच्युइटी किंवा बोनस द्यावा लागतो का?

ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांसाठी लिहिलेला आहे आणि त्यात साधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागते. बोनसचा कायदा वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांसाठी आहे. एका घरात एका रुग्णासाठी ठेवलेल्या बाईंना हे लागू होत नाहीत. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणी केलेल्या कामगारांना मंडळाकडून मिळणाऱ्या लाभांविषयी आहे. शेवटच्या हिशेबाचे पैसे किती द्यावेत हे त्यातून निघत नाही. म्हणून येथे तोंडी किंवा लेखी जे ठरले होते तेच मुख्य, आणि त्यापलीकडे रूढी. पगार, सुट्ट्या आणि नोटिशीचे दिवस हे ठरलेल्या बोलीचे पैसे आहेत, ते मेहेरबानी म्हणून देऊ नयेत.

बक्षीस किती द्यावे?

आपल्याकडे दिवाळीला वर्षाचा एक पगार देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे, तिच्यावरून एक माप काढता येते. पाच महिन्यांसाठी बाराव्या हिश्श्याने मोजले, तर २४,००० मधले १०,००० रुपये येतात. आम्ही दिवाळीला ५,००० दिलेले होते. आणखी ५,००० दिले असते तर रीत पुरी झाली असती. पण ही रीत सणाची आहे, आणि रुग्णाला उभे करणाऱ्या बाईंना सणाच्या मापाने मोजणे मला कमी वाटले. शेवटी १५,००० ठरले.

आकड्यापेक्षा तो कसा दिला जातो ते महत्त्वाचे ठरते. हिशेबाचे ५,७४० आणि बक्षिसाचे १५,००० मिळून २०,७४० होतात. पण एकच २०,७४० ची रक्कम दिली तर मावशींना सुट्टीचे पैसे मिळाले की नाही हे कळणार नाही, आणि आपल्यालाही उद्या सांगता येणार नाही. दोन्ही रकमा वेगवेगळ्या वेळी दिल्या तर फार बरे. आम्ही हिशेब २१ तारखेला सकाळी चुकता केला आणि बक्षीस २२ तारखेला निघताना, सासूबाईंच्या हातून दिले. त्या पाकीट द्यायला खुर्चीतून काठीशिवाय उठल्या, हे आम्ही ठरवलेले नव्हते.

ज्या घराची ऐपत नाही, त्यांनी बक्षिसाचा आकडा लहान ठेवावा, पण हिशेब पूर्ण द्यावा. बक्षीस मोठे आणि सुट्ट्यांचे पैसे गायब, असा उलटा प्रकार मी दोन घरांत पाहिला आहे. तेथे पैसे पुरेसे गेले, तरी बाई नाराज होऊन गेल्या.

पैसे रोख द्यावेत की खात्यात?

बाईंना एकट्यात विचारावे आणि त्या सांगतील तसे द्यावे. फोनवरून पैसे पाठवण्यासाठी त्या जो नंबर देतात तो पुष्कळदा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो, आणि पगार त्या खात्यात जात असतो हे आपल्याला महिनोन्‌महिने माहीत नसते. आमच्या मावशींनी हिशेबाचे पैसे नेहमीच्या खात्यात मागितले आणि बक्षिसाचे हातात. का, ते मी विचारले नाही. रोख दिली तर बरोबर नेण्याची सोय पाहावी. रात्रीच्या बसने जाणाऱ्या बाईंच्या हातात बंद पाकीट आणि भाड्यासाठी वेगळे सुटे पैसे द्यावेत, म्हणजे तिकिटाच्या वेळी पाकीट उघडावे लागत नाही.

पोचपावती घ्यावी का? ती अविश्वासाची वाटत नाही का?

पावती दोन प्रतींत केली आणि एक बाईंना दिली, तर ती अविश्वासाची वाटत नाही, कारण तिचा उपयोग दोघांना होतो. रोख पाच हजारांपेक्षा जास्त असेल तर एक रुपयाचे महसूल तिकीट लावून त्यावर सही किंवा अंगठा घ्यावा. आम्ही लिहिलेला मजकूर असा होता:

“दि. १६ जून ते २२ नोव्हेंबर या काळातील कामाचा पगार, सात दिवसांचे ५,६००, चार सुट्ट्यांचे ३,२००, किरकोळ खर्चाचे ३४० आणि प्रवासाचे ६०० असे ९,७४० रुपये. त्यातून उचलीचे राहिलेले ४,००० वजा जाता ५,७४० रुपये मला मिळाले. उचल पूर्ण फिटली आहे. याशिवाय बक्षीस म्हणून १५,००० रुपये वेगळे मिळाले. दोन्ही बाजूंनी काही देणे-घेणे राहिलेले नाही.”

“उचल फिटली आहे” हे वाक्य बाईंसाठी आहे, ते विसरू नये. मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा आणि मग सही घ्यावी. कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट भरलेल्या छापील पावतीवर सही घेऊ नये. बक्षीस देण्याआधी त्याच्या ओळीसह पावती करून ठेवली असेल, तर सही पाकीट हातात गेल्यावरच घ्यावी.

अनुभवपत्रात काय लिहावे?

“स्वभावाने चांगल्या व प्रामाणिक आहेत” एवढे लिहिलेले पत्र पुढच्या घरी फारसे कामाचे नसते, कारण सगळ्यांकडे तेच असते. बाईंना काय काय येते ते लिहावे. आमच्या पत्रात असे होते: खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ७६ वर्षांच्या महिला रुग्णाला कूस बदलून देणे, बेडपॅन देणे, पलंगावर आणि नंतर खुर्चीवर अंघोळ घालणे, वॉकरने चालवणे, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम दिवसातून दोनदा करून घेणे, रक्तदाब मोजून वहीत लिहिणे. रुग्णाला पाय दुमडून किंवा खाली पाटावर बसू द्यायचे नाही आणि कमोडला उंच सीट वापरायची, ही पथ्ये त्यांनी स्वतः लक्षात ठेवून पाळली, हेही लिहिले. ज्या घरी असाच रुग्ण आहे त्यांना यावरून लगेच कळते की या बाईंना काम शिकवावे लागणार नाही.

काम का थांबले ते स्पष्ट लिहावे: “रुग्ण बऱ्या झाल्यामुळे”. हे वाक्य नसले तर पुढचे घर फोन करून हळूच विचारते, “तसं काही झालं नव्हतं ना?” आपला फोन नंबर द्यायचा असेल तर द्यावा, पण रुग्णाचे नाव आणि रिपोर्ट त्यात नकोत. न येणारे काम येते असे लिहू नये; इंजेक्शन देणे किंवा नळीतून भरवणे त्यांनी आपल्याकडे केले नसेल, तर ते पत्रात येऊ नये.

चाव्या, कागद आणि सामान यांचे काय करावे?

घराची आणि लॅचची चावी शेवटच्या दिवशी परत घ्यावी आणि सोसायटीच्या गेटवरची नोंद बंद करावी. त्यांच्या आधार कार्डाची आपल्याकडची प्रत परत द्यावी किंवा त्यांच्यासमोर फाडावी. पोलीस ठाण्यात माहिती दिली असेल तर काम संपल्याचे तेथेही कळवावे. गोळ्यांची यादी, डॉक्टरांची पुढची तारीख आणि रक्तदाबाची वही मावशींनी घरच्या माणसाला समजावून सांगावी, यासाठी एक दुपार राखून ठेवावी. आमच्याकडे याच दुपारी कळले की सासूबाई कॅल्शियमची गोळी चहाबरोबर घेत नाहीत, मावशी ती गुपचूप दुपारच्या ताकाआधी देत असत.

बाईंची पिशवी तपासू नये. दागिन्यांची काळजी असेल तर ती काम सुरू करतानाच, कपाटाला कुलूप लावून करायची असते.

हिशेबावर मतभेद झाला तर काय करावे?

आधी ज्या रकमेवर दोघांचे एकमत आहे ती देऊन टाकावी आणि वादाची रक्कम वेगळी लिहावी. सगळे पैसे अडवून ठेवू नयेत. वाद बहुधा एखाद-दुसऱ्या सुट्टीचा असतो, म्हणजे आठशे-सोळाशे रुपयांचा. नोंद आपल्याकडे नसेल तर बाईंचे म्हणणे मान्य करावे, असे माझे मत आहे, कारण नोंद ठेवण्याचे काम पगार देणाऱ्याचे होते. मागणी ठरलेल्या बोलीपलीकडची असेल, उदाहरणार्थ पाच महिन्यांची ग्रॅच्युइटी, तर ती का देता येत नाही ते शांतपणे सांगावे आणि त्या मागणीमुळे बक्षीस कमी करू नये.

निरोप देताना साडी द्यावी का, ओटी भरावी का?

द्यायची असेल तर बाईंना नेसायला आवडेल आणि धुवायला सोपी जाईल अशी द्यावी. पैशांऐवजी देऊ नये. ओटीचे मात्र आधी थोडे विचारून घ्यावे. आमच्या मावशी विधवा आहेत, आणि शेजारच्या काकूंनी त्या कारणाने खण-नारळ नको असे सुचवले होते. सासूबाईंनी ते ऐकून घेतले, आणि निघताना मावशींना पाटावर बसवून स्वतः ओटी भरली. मावशींना ते आवडेल की अवघड वाटेल हे त्यांनी आदल्या रात्रीच विचारून ठेवले होते, असे नंतर कळले.

पुन्हा गरज लागली तर त्याच मावशींना थेट बोलावता येते का?

ब्युरोशी झालेल्या कागदात काही महिने थेट कामावर ठेवायचे नाही अशी अट असू शकते, ती आधी वाचावी. अट असेल तर ब्युरोमार्फत त्यांचेच नाव मागावे. अट नसेल तर फोन करायला हरकत नाही, पण त्या दुसऱ्या रुग्णाकडे असतील तर त्यांना ते घर अर्ध्यावर सोडायला सांगू नये.

कामाव्यतिरिक्त फोन करायलाही हरकत नाही, पण वेळ त्यांच्या सोयीची असावी. मावशी आता दुसऱ्या एका आजोबांकडे आहेत आणि त्यांची मोकळी वेळ दुपारी दोन ते तीन आहे. सासूबाई रविवारी त्याच वेळी त्यांना फोन करतात आणि बहुतेक वेळ मावशीच विचारत असतात, की कमोडची उंच सीट काढली तर नाही ना.